परिसेविका झालेल्या मैत्रिणीला काय द्यावं?

*ताई, माझी जीएनएमची बॅचमेट सरकारी दवाखान्यात अधिपरिचारिका होती, परवा तिची परिसेविका म्हणून ऑर्डर निघाली. येत्या सोमवारी दुसऱ्या तालुक्यातल्या उपजिल्हा रुग्णालयात जॉइन होतेय. मी प्रायव्हेटमध्ये कधीच इनचार्ज झाले, ती मात्र सिनिऑरिटीच्या यादीत अडकून राहिली. मला तिचा खूप अभिमान वाटतो, पण जे काही सुचतं ते मोठ्या बहिणीनं पाठ थोपटल्यासारखं वाटतं. लीडरशिपवरचं पुस्तक, टेबलावरची नावाची पाटी की सेमी पैठणी? बजेट दोन हजार. कार्डावर लिहिलंय: ‘अभिनंदन! मला माहीत होतं, एक ना एक दिवस तुझं चीज होणारच. आता स्टाफ सांभाळायचाय, घाबरू नकोस. काही अडलं तर मी आहेच.’ नवरा म्हणतो मस्त आहे, मला खटकतंय. २०२१ च्या एप्रिलात आमचे अप्पा तिच्याच वॉर्डात होते, पालथं झोपायला तयार नव्हते, द्राक्षाची खरड छाटणी राहिली म्हणून जीव खालीवर. तिनं छाटणीच्याच गप्पा काढून त्यांना पालथं केलं, असं अप्पा अजून सांगतात. काय देऊ?*

*– नाशिकहून एक सिस्टर*

तुम्हाला कार्ड खटकतंय ना, ते अगदी बरोबर खटकतंय, आणि का खटकतंय ते आधी बघू, कारण ते कळलं की वस्तू काय घ्यायची हे आपोआप सुटतं. माझीही सगळी नोकरी वॉर्डातच गेलीय, त्यामुळे हे पत्र वाचताना मला तुमची मैत्रीण डोळ्यांसमोर दिसत होती.

‘एक ना एक दिवस चीज होणारच’ हे वाक्य प्रेमानंच आलंय, पण ते तिच्या जागी बसून वाचा. म्हणजे आतापर्यंत चीज झालेलं नव्हतं, असा त्याचा अर्थ निघतो. सरकारी नोकरीत पदोन्नती सेवाज्येष्ठतेच्या यादीनं होते, जागा रिकामी व्हावी लागते, यादी अंतिम व्हावी लागते, मग कधीतरी ऑर्डर निघते. त्या सगळ्यात तिची लायकी काल कमी होती आणि आज वाढली असं काहीच झालेलं नाही. तुम्हाला लवकर पद मिळालं ते तुमच्या हॉस्पिटलच्या पद्धतीनं, तिला उशिरा मिळालं ते तिच्या खात्याच्या पद्धतीनं, हे तुम्हालाही माहितेय आणि तिलाही. पण ‘एक ना एक दिवस’, ‘शेवटी’, ‘उशिरा का होईना’ असला कुठलाही शब्द कार्डावर आला की त्या यादीची आठवण पहिली येते आणि अभिनंदन मागे पडतं.

मग ‘घाबरू नकोस’. ती घाबरलीय असं तिनं तुम्हाला सांगितलंय का? तुमच्या पत्रात तरी तसं कुठे नाहीये. सरकारी दवाखान्यातली अधिपरिचारिका म्हणजे काय हे आपण दोघीही जाणतो, नाईटला अख्खा वॉर्ड आणि एकटी सिस्टर, सोबत एखादी मावशी नाहीतर मामा, एकीकडे सिझेरियनचा पेशंट वर येतोय, दुसरीकडे नातेवाईक डॉक्टर कुठेत म्हणून आवाज चढवतायत, आणि नवीन लागलेली पोरगी कोपऱ्यात रडतेय तर तिलाही हिनंच सावरायचं. इनचार्ज सिस्टर रजेवर गेली की वॉर्डच्या चाव्या हिच्याकडे, ड्युटी चार्ट हिनं लावायचा, राउंडला हिनं उभं राहायचं, आणि पगार मात्र होता तोच. तेव्हा परिसेविका हे तिचं पहिलंच नेतृत्वाचं पद, हे कागदावर खरं आहे, वॉर्डात नाही. ज्या बाईनं हे सगळं वर्षानुवर्षं केलंय तिला आता घाबरू नकोस म्हणणं म्हणजे ते केलेलं आपल्याला दिसलंच नाही असं होतं.

आणि ‘मी आहेच’. हे वाक्य एरवी मैत्रीतलं सगळ्यात गोड वाक्य, पण इथे तुम्ही आधीपासून इनचार्ज आहात आणि ती आत्ता होतेय, म्हणून ते वरच्या पायरीवरून आलेलं वाटतं. तुम्हाला जे मोठ्या बहिणीनं पाठ थोपटल्यासारखं वाटतंय ते ह्यामुळेच. चारही वाक्यांत बोलणारी बाई सिनिअर इनचार्ज आहे, मैत्रीण कुठेच नाही.

आता तुमच्या तीन पर्यायांबद्दल. पुस्तक तर अजिबात नको. ऑर्डर हातात पडल्याच्या आठवड्यात कुणी लीडरशिपवरचं पुस्तक दिलं की ते कितीही चांगलं असो, त्याचा अर्थ ‘तुला हे अजून यायचंय’ असाच पोचतो. तिनं पुढेमागे स्वतः मागितलं तर खुशाल द्या. नावाच्या पाटीचं म्हणाल तर इनचार्ज सिस्टरला केबिन कुठे असते हो, नर्सिंग स्टेशनच्या कोपऱ्यातलं एक टेबल, त्यावर रजिस्टरांचा ढीग, आणि तिथे नवीन स्टाफसमोर पहिल्याच दिवशी चकचकीत पाटी ठेवली तर बाई पदाचा तोरा घेऊन आल्या असं व्हायला वेळ लागत नाही. जिथे कुणी ओळखत नाही अशा जागी ती चाललीय, तिची पहिली छाप तुमच्या भेटवस्तूनं पडू देऊ नका. पैठणी वाईट नाही, पण साडी आपण लग्नाला देतो, वास्तुशांतीला देतो, त्यात हिच्या नोकरीचं काहीच येत नाही, शिवाय साडी आली की परत साडी द्यायची हा हिशोब डोक्यात सुरू होतो. तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगून ठेवते, दिवा घेतलेल्या नाइटिंगेलबाईंची मूर्तीही नको, दर १२ मेला एक या हिशोबानं प्रत्येक सिस्टरच्या शोकेसमध्ये त्या आधीच दाटीवाटीनं उभ्या आहेत.

माझ्या मते तुमची खरी भेट तुम्ही पत्राच्या शेवटी घाईघाईत उरकून टाकलीय. अप्पांची गोष्ट. त्या कोरोनाच्या काळात जागेपणी पालथं झोपवण्यानं बऱ्याच पेशंटचं सॅच्युरेशन वर यायचं, कारण पाठीकडचा फुप्फुसाचा भाग मोकळा होतो, हे आपल्याला माहीत होतं, पण पेशंटला ते पटवणं किती अवघड होतं हे ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक. छातीखाली उशी, मांड्यांखाली उशी, मान अवघडते, तोंडावर मास्क, वर श्वास कोंडेल ही भीती, आणि पाच मिनिटांत माणूस परत उताणा होतो. किटमधून सिस्टरचा चेहराही दिसत नाही, फक्त आवाज. अशा वेळी अप्पांच्या जिवाला नेमकं काय लागून राहिलंय हे तिनं ओळखलं, एप्रिलात खरड छाटणी झाली नाही तर पुढच्या हंगामाचं काय ही बागायतदाराची काळजी आहे हे तिला समजलं, आणि तिथूनच तिनं वाट काढली. माणसाकडून अवघड गोष्ट करून घ्यायची पण त्याला दटावायचं नाही, परिसेविकेला रोज हेच तर करायचं असतं. म्हणजे तिच्यातली इनचार्ज तुम्ही २०२१ लाच बघितलीय, आणि तीही पेशंटच्या घरच्यांच्या बाजूनं, तुमच्या इनचार्जच्या खुर्चीवरून नव्हे.

हीच तुमची जागा आहे, तिथूनच बोला. पेशंटची मुलगी म्हणून तुम्ही तिच्याबद्दल जे बोलाल ते वरून येणार नाही, कारण तेव्हा तुमचा जीव तिच्या हातात होता. कार्डावर असं काहीसं लिहा, शब्द तुमचे घाला, मी फक्त अंदाज देतेय:

‘अप्पांना त्या रात्री तू पालथं केलंस ते छाटणीची गोष्ट काढून. ते अजून येईल त्याला सांगतात की सिस्टर म्हणाली, आधी पालथे व्हा, मग बागेचं बोलू. मी तेव्हा इथे इनचार्ज होते, पण त्या रात्री मी फक्त पेशंटची मुलगी होते आणि वॉर्ड तुझा होता. परिसेविकेची ऑर्डर आता आली, खूप खूप आनंद झाला.’

बास, एवढंच. ‘मला तुझा अभिमान वाटतो’ हे वाक्य घातलं तरी चालेल, पण ते ह्या सगळ्याच्या नंतर घाला, कारण आधी कशाचा अभिमान ते येऊ दे, नुसता अभिमान म्हटला की तो आई-वडिलांनी मुलांबद्दल बोलल्यासारखा वाटतो. आणि एक करा, अप्पा लिहू शकत असतील तर त्यांना खाली दोन ओळी स्वतःच्या हातानं लिहू द्या, अक्षर वेडंवाकडं असलं तरी राहू द्या. दवाखान्यातून माणूस बरा होऊन गेला की त्याचं पुढे काय झालं हे सिस्टरला सहसा कळतही नाही. त्या ओळी ती जपून ठेवेल.

वस्तूबद्दल माझी पसंती युनिफॉर्मला टाचायच्या घड्याळाला, ते उलटं लटकतं ना, तेच. तुम्ही म्हणाल पुस्तक नको म्हणालात आणि हेही कामाचीच वस्तू. पण फरक आहे. पुस्तक तिला अजून न येणाऱ्या गोष्टीबद्दल असतं, घड्याळ तिला हातखंडा असलेल्या गोष्टीचं आहे. श्वास मोजायला पूर्ण मिनिट लागतं, नाडी अनियमित असली तर तीही पूर्ण मिनिट बघावी लागते, आणि पाचशेचं सलाईन आठ तासांत जायला हवं असेल तर एक मिलिला वीस थेंबांच्या सेटवर मिनिटाला साधारण २१ थेंब पडायला पाहिजेत, हे सगळं ती सेकंदकाट्याकडे बघत इतक्या वर्षांत किती वेळा करून बसलीय. आणि परिसेविका झाल्यावर बायकांना आतून एक गोष्ट खूप टोचते, ती मी जवळून बघितलीय, की आता आपण पेशंटपासून लांब आणि रजिस्टरांच्या जवळ गेलो. इंडेंट, लिननचा हिशोब, ऑफचे अर्ज, हेच दिवसभर. त्या दिवसांत छातीवरचं घड्याळ तिला पेशंटशी जोडलेलं ठेवतं.

घेताना चार गोष्टी नीट बघा, कारण बाजारात शोभेची खूप आहेत. सेकंदकाटा वेगळ्या रंगाचा आणि लांबूनही दिसणारा हवा, काहींमध्ये तो इतका बारीक असतो की नाईटच्या मंद दिव्यात दिसतच नाही. आकडे एक ते बारा सगळे छापलेले हवेत, नुसते ठिपके नकोत. डायल उलटी बसवलेली आहे ना हे स्वतःच्या छातीला लावून बघा, म्हणजे खाली मान घातल्यावर तुम्हाला वेळ सरळ दिसली पाहिजे, काही स्वस्त घड्याळं नुसती साखळीला अडकवलेली असतात आणि सरळच असतात. आणि साखळीचं सुंदर दिसलं तरी घेऊ नका, कड्यांच्या फटीत घाण बसते आणि ती पुसली जात नाही, सिलिकॉनच्या कव्हरचं घ्या म्हणजे स्पिरिटच्या बोळ्यानं रोज पुसता येतं. अशी घड्याळं काही शे रुपयांपासून मिळतात, तुमच्या बजेटात बरं येईल आणि पैसे उरतीलही.

ते सिलिकॉनच्या कव्हरमधून बाहेर निघतं, मागे स्टीलचं झाकण असतं, त्यावर कोरून घ्या. ट्रॉफ्या-मेडल करणारा कुणीही करून देतो. काय कोरायचं ते मात्र विचार करून. ‘परिसेविका’ नको आणि ऑर्डरची तारीखही नको, पद उद्या बदलेल, देव करो आणि ती अधिसेविका होवो, मग हे घड्याळ जुनं झालं असं वाटायला नको. तिचं नाव आणि तुमच्या बॅचचं वर्ष, एवढंच कोरा. त्या वर्षी तुम्ही दोघी सारख्याच होतात, एकाच हॉस्टेलला, एकाच मेसचं वरण खाल्लेल्या, मध्ये कोण आधी इनचार्ज झालं हा विषयच तिथे येत नाही. आणि आत असल्यामुळे ते लोकांना दिसत नाही, तिला मात्र माहीत असतं.

ती आधीच घड्याळ वापरत असेल आणि तिला तेच आवडत असेल तर? मनगटाचं असेल तरी हे द्या. पण टाचायचं चांगलं घड्याळ तिच्याकडे असेलच तर उगाच दुसरं देऊ नका, मग नुसतं कार्ड आणि अप्पांच्या बागेतले बेदाणे पाठवा, मला तर तेही पुरेसं वाटतं.

कधी आणि कुठे द्यायचं ह्यात लोक फार गडबड करतात. नवीन दवाखान्यात घेऊन जाऊ नका. जॉइन झाल्यावरचे पहिले दिवस चार्ज घेण्यात जातात, आणि सरकारी वॉर्डचा चार्ज म्हणजे काय ते प्रायव्हेटमध्ये राहून पटकन लक्षात येत नाही. आधीच्या इनचार्जकडून डेड स्टॉक रजिस्टर घेऊन एकेक वस्तू मोजून घ्यायची, रजिस्टरला बीपी ॲपरेटस सहा आणि कपाटात चार, किडनी ट्रे कुठे गेल्या कुणाला माहीत नाही, फुटलेल्या वस्तू निर्लेखित केलेल्या नाहीत, आणि न बघता सही केली की उद्या भरपाई हिच्या नावावर. त्यात क्रॅश ट्रॉलीवरच्या इंजेक्शनांच्या एक्स्पायरी बघायच्या, चाव्या ताब्यात घ्यायच्या, स्टाफची नावं लक्षात ठेवायची. अशा दिवशी वॉर्डात कुणी सजवलेलं पाकीट घेऊन आलं तर तिला धड आनंदही घेता येत नाही आणि नवीन स्टाफ लांबून बघत बसतो. म्हणून रविवारच्या आत तिच्या घरी जा, तिच्या नेहमीच्या माणसांत, चहाच्या वेळी, आणि सोमवारी ती ते घड्याळ टाचूनच जाईल.

देताना भाषण करू नका. कार्ड तुमच्यासमोर वाचायला लावू नका, ती रडेल आणि मग तुम्हीही रडाल आणि नवऱ्याला काय करावं सुचणार नाही. ठेवून या. बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकायचा मोह होईल, तोही टाळा, त्या ग्रुपवर अजून यादीत वाट बघणाऱ्या मुलीही असणारच, आणि ‘मी काय दिलं’ असं झालं की भेट तुमची होते, तिची राहत नाही. किमतीचंही सांगते, मित्रमैत्रिणींकडून साधी भेट घेण्यात काही गैर नाही, पण सरकारी नोकरांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत आणि त्यात भेटवस्तूंचा नियम आहे, तेव्हा उरलेल्या पैशांतून सोन्याचं काही घेऊन तिला विनाकारण विचारात पाडू नका.

पुढचं एक सांगते, ते तुम्ही विचारलेलं नाही पण लागेल. अभिनंदनाचे फोन आठवडाभर येतात आणि मग थांबतात, आणि नेमकं तेव्हाच अवघड सुरू होतं. डबा खायला कुणासोबत बसायचं हा प्रश्न आतापर्यंत तिला कधी पडला नसेल, आता ती आली की बोलणं थांबतं, कारण ऑफ तीच लावते, दिवाळीत कुणाला नाईट लावायची तेही तीच ठरवते. महिन्याभरानं एका रविवारी तिच्याकडे जा. ‘जमतंय ना गं?’ असं विचारू नका. ‘आमच्याकडे आम्ही असं करतो’ हेही तिनं विचारल्याशिवाय नको, आणि तिनं ऑफचं विचारलं तर ऑफचंच सांगा, त्याला जोडून स्टाफ कसा हाताळायचा हे सगळं सांगत बसू नका. उलट तुम्हीच तिला काहीतरी विचारा, जे तुम्हाला खरंच हवंय. प्रायव्हेटमध्ये तुमच्याकडे नवीन मुली टिकत नाहीत, वर्ष झालं की सोडून जातात, आणि तिनं मात्र सरकारीत इतक्या कमी माणसांत नवीन पोरी हाताशी धरून तयार केल्या असणार. ते ती कसं करते हे तिच्याकडून ऐका, वही घेऊन बसलात तरी हरकत नाही.

आत्ता मात्र आधी घड्याळ बघायला निघा, ऑनलाइन मागवलं तर सोमवारच्या आत येईल याची खात्री नाही, आणि कोरणाऱ्याला एक-दोन दिवस लागतात. कार्ड आज रात्री परत लिहा, पेन आधी अप्पांच्या हातात द्या, आणि तिला माझ्याकडूनही अभिनंदन सांगा.